दक्षिणेकडे तोंड असताना डावीकडे वळलं की आकृती चुकते: एका कोड्याची तीन उत्तरं आली आहेत, कुणीतरी बघा

खानापूरची_लेक

नमस्कार सगळ्यांना. मी रेल्वेच्या ग्रुप डी परीक्षेची तयारी करत आहे. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालं, त्यामुळे पेपरची भाषा मराठीच निवडणार. गणित बरं जमतं, पण दिशा आणि अंतराच्या प्रश्नांत दर वेळी एखादा तरी हुकतो. काल घरी एका कोड्यावरून रात्री जेवणं थांबली, म्हणून इथं विचारते.

कोडं असं आहे. एक माणूस घरातून निघून दक्षिणेकडे ९ मीटर चालतो. तिथून डावीकडे वळून ७ मीटर, पुन्हा डावीकडे वळून ४ मीटर, मग उजवीकडे वळून ५ मीटर, आणि पुन्हा उजवीकडे वळून ४ मीटर चालतो. आता त्याचं घर त्याच्यापासून किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला आहे?

पर्याय चार आहेत: १५ मीटर ईशान्य, १५ मीटर वायव्य, १५ मीटर आग्नेय, १५ मीटर नैऋत्य. माझं उत्तर ईशान्य आलं. मैत्रीण आली होती, तिचं आग्नेय. धाकट्या भावाचं नैऋत्य. पुस्तकामागच्या उत्तरसूचीत वायव्य आहे, म्हणजे तिघांपैकी कुणाचंच नाही! अंतर मात्र तिघांचंही १५ आलं. भाऊ म्हणतो, एवढं पूर्णांकात उत्तर आलं म्हणजे आकृती बरोबरच आहे आणि पुस्तकच चुकलं आहे. खरं काय?

टिळकवाडीकर

ताई, आकृती काढायच्या भानगडीत पडूच नका, वेळ जातो. माझी रीत सांगतो. डावी वळणं मोजा, उजवी मोजा, समोरासमोरची काटून टाका. इथं डावी २, उजवी २, सगळी कटली. म्हणजे माणूस निघताना जसा दक्षिणेकडे होता तसाच शेवटी दक्षिणेकडे आहे. मग घर त्याच्या पाठीमागे, म्हणजे उत्तरेला. वायव्य हे उत्तरेच्या जवळचं, म्हणून तेच निवडायचं. ही रीत मला कधी दगा देत नाही.

मोजणीकाका

पोरी, तुमचं पुस्तक बरोबर आहे. आणि टिळकवाडीकर, तुमची रीत एका प्रश्नाला लागू पडते आणि दुसऱ्याला नाही. वळणं काटून तुम्हाला कळतं ते माणसाचं तोंड शेवटी कुठं आहे. तो कुठं उभा आहे हे त्यातून कळत नाही. दक्षिणेकडे तोंड करून माणूस घराच्या पूर्वेलाही उभा राहू शकतो, पश्चिमेलाही. इथं वायव्य आलं ते चार पर्यायांत तुम्ही जवळचं म्हणून धरलंत. पण उत्तरेच्या जवळ ईशान्यही तेवढंच आहे. ‘आता त्याचं तोंड कोणत्या दिशेला?’ असा प्रश्न आला तर मात्र तुमची रीत दहा सेकंदांत काम करते, ती तिथं जरूर वापरा.

मी बेळगाव आणि चिकोडी भागात जमीन मोजणीत आयुष्य घालवलं. ३३ फुटांची साखळी ओढून गुंठे काढलेत. बांधाबांधानं फिरताना आम्ही जे करायचो तेच या कोड्यात करायचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वळणाचं. कागदावर वर उत्तर धरली की उजवा हात पूर्व, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते उत्तरेकडे तोंड असेपर्यंतच. माणूस दक्षिणेकडे चालतोय म्हणजे कागदावर तो वरून खाली, तुमच्याकडे येतोय. समोरून येणाऱ्या माणसाचा डावा हात तुमच्या उजवीकडे असतो. म्हणून दक्षिणेकडे जाताना डावीकडे वळला तर तो पूर्वेला जातो. तू कागदाची डावी बाजू धरून पश्चिमेला नेलास, खरं ना? भावानंही तेच केलं.

यावर सगळ्यात साधा उपाय म्हणजे वही फिरवायची. ज्या रेषेवर माणूस चालतोय तिचा बाण तुझ्यापासून दूर, सरळ पुढे जाईल अशी वही धर. मग कागदावरची डावी बाजू आणि त्याची डावी बाजू एकच होते. वळण काढून झालं की वही पुन्हा सरळ कर. परीक्षेत प्रश्न कॉम्प्युटरवर असला तरी कच्च्या कामाला कागद देतात, तो फिरवायला कुणी अडवत नाही.

आता बरोबर आकृती अशी येते. सु म्हणजे सुरुवात, शे म्हणजे शेवट:

```
सु
|
| ९
|      +--५--+
|      |४    |४
|      |     |
+--७---+     शे
```

आकृती झाली की तिच्याकडे बघून उत्तर द्यायचं नाही. शेजारी दोन खाती मांडायची, एक उत्तर-दक्षिणेचं, दुसरं पूर्व-पश्चिमेचं. जमाखर्चासारखं. पहिल्या खात्यात दक्षिण ९, उत्तर ४, पुन्हा दक्षिण ४. दक्षिणेची बेरीज १३, त्यातून उत्तरेचे ४ गेले, शिल्लक दक्षिण ९. दुसऱ्या खात्यात पूर्व ७ आणि पूर्व ५, पश्चिमेला काहीच नाही, शिल्लक पूर्व १२. म्हणजे माणूस घरापासून १२ पूर्वेला आणि ९ दक्षिणेला. १२ चा वर्ग १४४, ९ चा ८१, बेरीज २२५, वर्गमूळ १५.

माणूस घराच्या आग्नेयेला आहे. पण प्रश्नानं विचारलंय की घर माणसाच्या कोणत्या दिशेला. ते उलट, वायव्य. खानापूर बेळगावच्या दक्षिणेला आहे, पण खानापुरात उभं राहून विचारलं तर बेळगाव उत्तरेला, तसंच.

आता तुमच्या घरातली तिन्ही उत्तरं बघ. मैत्रिणीचं वळण बरोबर, फक्त शेवटी दिशा उलटायची राहिली, म्हणून आग्नेय. तू पहिलं वळण चुकलीस, पण दिशा उलटलीस, म्हणून ईशान्य. भावाच्या दोन्ही गोष्टी चुकल्या, म्हणून नैऋत्य. पर्याय काढणाऱ्यानं या तिन्ही चुका आधीच ओळखून ठेवल्या होत्या.

निपाणीचा_शेतकरी

मी परीक्षावाला नाही, पण हे वाचून राहवलं नाही. माझ्या मते उत्तर २९ मीटर यायला पाहिजे. ९, ७, ४, ५ आणि ४ मिळून २९ होतात. माणूस एवढं चाललाय की नाही?

यामुळंच मागं माझी फजिती झाली. विहिरीपासून नव्या प्लॉटच्या कोपऱ्यापर्यंत पाइप टाकायचा होता. विहिरीपासून पूर्वेला १२० फूट आणि तिथून दक्षिणेला ९० फूट. पुतण्या कॉलेजला जातो, त्यानं कागदावर असाच तिरका हिशेब करून १५० फूट सांगितलं. २० फुटांचा एक पाइप, म्हणून ८ पाइप आणले. टाकायला गेलो तर मधे शेजाऱ्याचा ऊस उभा. त्याच्या रानातून पाइप कसा न्यायचा? बांधानंच न्यावा लागला, २१० फूट. अजून ३ पाइप आणायला परत निपाणीला जावं लागलं. तवापासून मी तिरकं अंतर मानतच नाही.

मोजणीकाका

दादा, तुमचा पाइप बांधानं गेला म्हणून तुमच्या कामाला २१० च बरोबर. पुतण्याचे १५० सुद्धा खरेच, पण ते पक्ष्याला किंवा तारेला लागू. कोड्यात ‘एकूण किती चालला’ असं विचारलं असतं तर २९ च लिहायचं. इथं ‘घर त्याच्यापासून किती अंतरावर’ असं विचारलंय, म्हणून सरळ रेषा. प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचावी आणि तिच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारावी, म्हणजे कोणतं अंतर हवंय आणि कुणापासून दिशा हवीय हे आकृती काढायच्या आधीच ठरतं.

खानापूरची_लेक

काका, खूप खूप आभार. वही फिरवून बघितली आणि लगेच कळलं मी कुठं चुकले. पण एक गोष्ट डोक्यात राहिली आहे. माझं वळण चुकलं, तरी अंतर १५ च कसं आलं? भाऊ अजून म्हणतोय की पूर्णांक आला म्हणजे आकृती बरोबर.

मोजणीकाका

भावाला जवळ बसव आणि हे दाखव.

तू पहिलं वळण पश्चिमेला नेलंस. त्यानंतरची वळणं त्या चुकीच्या रेषेवरून तू नीट घेतलीस. त्यामुळे पहिले ९ मीटर सोडून पुढची सगळी आकृती अर्धा फेरा फिरली. पूर्वेचे ७ आणि ५ पश्चिमेला गेले. उत्तरेचे ४ दक्षिणेला आणि दक्षिणेचे ४ उत्तरेला गेले. पण ते दोन ४ एकमेकांना आधीही काटत होते, आताही काटतात. म्हणून खात्यात दक्षिण ९ तशीच राहिली, आणि पूर्व १२ ची पश्चिम १२ झाली. अंतर तेच, दिशा मात्र दुसऱ्या बाजूची. हे फक्त या आकड्यांमुळे घडलं.

शेवटचे ४ मीटर बदलून ८ कर. बरोबर आकृतीत दक्षिणेची बेरीज १७ होते, उत्तरेचे ४ वजा, शिल्लक १३. पूर्व १२ तशीच. १६९ अधिक १४४ म्हणजे ३१३, त्याचं वर्गमूळ पूर्णांकात येत नाही, साधारण १७.७. आता तुझ्या चुकीच्या वळणानं कर. दक्षिण ९ आणि ४ म्हणजे १३, त्यातून उत्तरेचे ८ गेले, शिल्लक ५. पश्चिम १२. २५ अधिक १४४ म्हणजे १६९, वर्गमूळ नेमकं १३. चुकीची आकृती सुबक उत्तर देते आणि बरोबर आकृती देत नाही. पूर्णांक आला की मन लगेच विश्वास ठेवतं, म्हणून पर्यायांत १३ दिसला तरी आधी वळण तपास.

हलशीची_बाई

मला वेगळीच अडचण आली होती, ती सांगते, कारण खानापूर भागातल्या मुलींना ती येणारच. मी राज्य सरकारच्या एका भरतीचा पेपर कन्नडमध्ये दिला. त्यात ‘एडक्के तिरुगि’ आणि ‘बलक्के तिरुगि’ असं येतं. बाजारात, बसमध्ये हे शब्द रोज ऐकते. पण परीक्षेच्या घाईत मनातल्या मनात मराठी करत वाचायला गेले. ‘बल’ म्हटलं की मराठीत ताकद आठवते, दिशा नाही. एका प्रश्नात चार वळणं होती, दोन ठिकाणी एड आणि बल यांची अदलाबदल झाली आणि अख्खी आकृती भलतीकडे गेली.

आता मी मराठी करतच नाही. कच्च्या कागदाच्या डाव्या कडेला ‘एड’, उजव्या कडेला ‘बल’ लिहून ठेवते आणि काका म्हणतात तशी वही फिरवते. कोपऱ्यांची मात्र काळजी नाही. ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य ही नावं कन्नडमध्येही तीच आहेत.

शहापूरची_वहिनी

माझा मुलगा नवोदयच्या परीक्षेला बसतोय, त्याला या कोपऱ्यांची नावंच लक्षात राहत नव्हती. शेवटी मी त्याला घरातल्या गोष्टींवरून शिकवलं. वास्तू बघणारे देवघर ईशान्येला आणि चूल आग्नेयेला सांगतात. पावसाळा नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा. उरला तो वायव्य. एका कागदावर घराचा चौकोन काढून देव, चूल आणि पाऊस एकेका कोपऱ्यात चित्र काढून लावला. आता विसरत नाही.

फक्त त्यानं मला एक प्रश्न विचारला त्याचं उत्तर नीट देता आलं नाही. आपला पाऊस घाट चढून खानापूरकडून येतो, मग पुढे जातो तो ईशान्येकडे. तरी त्याला नैऋत्य का म्हणायचं?

मोजणीकाका

वहिनी, मुलाचा प्रश्न फार चांगला आहे. वाऱ्याला नाव देताना तो कुठून येतो ते बघतात, कुठं जातो ते नाही. नैऋत्येकडून येतो म्हणून नैऋत्य मोसमी. कोड्यातल्या माणसाची दिशा सांगताना आपण तो कुठं जातो ते बघतो. दोन्हींत रेषा एकच, बघायचं टोक वेगळं. हे त्याला समजलं तर ‘घर कोणत्या दिशेला’ आणि ‘माणूस कोणत्या दिशेला’ यातला फरक त्याला वेगळा शिकवावा लागणार नाही.

टिळकवाडीकर

काका, तुमचं पटलं. मी मागच्या सराव पेपरातले दिशेचे दहा प्रश्न काढून बघितले. माझ्या रीतीनं चार बरोबर आले, आणि ते चारही ‘तोंड कुठं’ असेच होते. बाकीच्या सहांत मी अंदाजानं पर्याय निवडला होता. आता खाती मांडून करतो.

पण एक शंका राहिली. त्या सहांतल्या एकात शिल्लक पूर्व १२ आणि दक्षिण १ आली. उत्तरसूचीत ‘आग्नेय’ आहे. १२ पूर्वेला आणि फक्त १ दक्षिणेला, याला आग्नेय कसं म्हणायचं? हा माणूस जवळजवळ सरळ पूर्वेलाच उभा आहे की.

मोजणीकाका

मोजणीच्या हिशेबानं तुमची शंका रास्त आहे. नेमकी आग्नेय म्हणजे पूर्व आणि दक्षिण यांच्या बरोबर मधली, ४५ अंशांची रेषा. आठ दिशांत गोल वाटला तर प्रत्येक दिशेच्या वाट्याला ४५ अंश येतात, म्हणजे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साडेबावीस अंश. पहिल्या कोड्यातला १२ आणि ९ वाला माणूस पूर्वेपासून दक्षिणेकडे साधारण ३७ अंशांवर आहे, तो आग्नेयेच्या वाट्यात नीट बसतो. तुमचा १२ आणि १ वाला पूर्वेपासून ५ अंशही दक्षिणेला नाही. मी असता तर पूर्व लिहिलं असतं.

क्लासवाली_ताई

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते, परीक्षेत असं करून चालणार नाही. मी अनगोळमध्ये मुलांना शिकवते. या कोड्यांत अंश कुणी मोजत नाही. पूर्वेकडे काहीतरी शिल्लक आणि दक्षिणेकडेही काहीतरी शिल्लक, म्हणजे आग्नेय. ‘पूर्व’ हे उत्तर तेव्हाच, जेव्हा उत्तर-दक्षिणेचं खातं पूर्ण शून्यावर येतं. मुलांनी काकांचा नियम धरला तर १२ आणि १ सारख्या प्रश्नात गुण जातील.

मोजणीकाका

गुण जातील हे मान्य, तुम्ही रोज शिकवता, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण ज्या प्रश्नात पूर्व आणि आग्नेय हे दोन्ही पर्याय देतात, तिथं काढणाऱ्यानं कोणता नियम धरलाय हे मुलानं कसं ओळखायचं? मोजणीत आम्ही अंश लिहायचो, त्यामुळे दिशेच्या नावावरून वाद होत नसे.

क्लासवाली_ताई

मी मुलांना शून्याचाच नियम सांगते, कारण उत्तरसूच्या बहुतेक त्याच नियमानं केलेल्या दिसतात. पण सगळ्याच तशा असतील असं छातीठोकपणे सांगू शकत नाही.

खानापूरची_लेक

आज भावाबरोबर बसून सराव केला. एका प्रश्नात वळणं सगळी बरोबर होती, तरी चूक सापडली, ती इथं मांडते.

मुलगी उत्तरेकडे १० मीटर, उजवीकडे वळून ६, उजवीकडे वळून १४, पुन्हा उजवीकडे वळून ९ मीटर चालते. सुरुवातीपासून ती कुठं आहे? भावानं चित्र काढलं. १४ ची रेषा त्यानं घाईत १० च्या रेषेपेक्षा आखूडच काढली. मग शेवटची ९ ची रेषा पश्चिमेला जाताना पहिल्या उभ्या रेषेला छेदून पलीकडे गेली आणि शेवटचा ठिपका सुरुवातीच्या थोडा वर, डावीकडे आला. तो म्हणाला वायव्य.

मी खाती मांडली. उत्तर १०, दक्षिण १४, शिल्लक दक्षिण ४. पूर्व ६, पश्चिम ९, शिल्लक पश्चिम ३. म्हणजे ५ मीटर, नैऋत्य. चित्र वायव्य सांगतंय आणि खाती नैऋत्य. आम्ही दोघांनी वळणं तीनदा तपासली, चुकलेली नाहीत.

मोजणीकाका

खाती बरोबर, चित्र चुकलं. कच्च्या आकृतीत लांबी मापानं नसते, आणि नसली तरी चालतं. तिच्याकडून फक्त कोणती रेषा कोणत्या दिशेला गेली एवढंच घ्यायचं. १० आणि १४ यांत मोठी कोणती, हे रेषेकडे बघून नाही, तिच्याशेजारी लिहिलेल्या आकड्याकडे बघून ठरवायचं. भावाला सांग, त्या १४ च्या रेषेचं टोक सुरुवातीच्या ठिपक्याच्या खाली ओढून घे आणि तिथून ९ ची रेषा पुन्हा काढ. या वेळी ती पहिल्या रेषेला कुठंच छेदणार नाही.

खानापूरची_लेक

काढली. खालूनच गेली. भावानं स्वतःच्या हातानं जुन्या चित्रावर काट मारली आणि शेजारी ‘द ४, प ३’ लिहिलं. आता क्लासवाल्या ताईंच्या आणि तुमच्या वादातला तो १२ आणि १ चा प्रश्न तो मला सोडवायला सांगतोय. मी दोन्ही उत्तरं लिहून ठेवली आहेत.